पन्हळ तुंबली की कोण कुणाला हाक मारतं? पावसाच्या पाण्याच्या कामाला नाव देताना

प्रश्न: आमच्या शहरातल्या आठ वस्त्यांमध्ये छतावरचं पावसाचं पाणी साठवायचं आणि मुरवायचं काम या पावसाळ्याआधी सुरू होतंय. समितीने तीन नावं सुचवली आहेत, पण एकही कुणाच्या तोंडी बसत नाही. सगळ्यांना हे काम आपलं वाटेल असं नाव कसं शोधायचं? मतदान घ्यावं का? आणि सगळ्या शहराचं एकच नाव असावं की प्रत्येक वस्तीचं वेगळं?

उत्तर:

आधी एक गोष्ट ठरवून घ्या. हे नाव कोण, कधी आणि कोणत्या वाक्यात उच्चारणार आहे? उद्घाटनाच्या दिवशी कुठलंही नाव चालतं. छतावरच्या पाण्याच्या कामाची परीक्षा होते ती पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात. छपराच्या कडेने पाणी नेणाऱ्या पन्हळीत पानं अडकतात, जाळीवर गाळ बसतो, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह उघडायला कुणी आलेलंच नसतं, आणि पाणी भिंतीवरून ओघळायला लागतं. ज्या बाईच्या खिडकीसमोर हे घडतं ती त्या वेळी काय म्हणते? ‘त्यांची ती टाकी वाहतेय’ म्हणते, की ‘आपली पन्हळ तुंबली, कोण येतंय?’ म्हणते?

वस्त्यांमध्ये पावसाच्या पाण्याची कामं उभी करताना गेली अठरा वर्षं मी हे एक सर्वनाम कान देऊन ऐकत आले आहे. ‘त्यांची’, ‘तुमची’, ‘आमची’, ‘आपली’. तक्रार करताना माणूस कोणतं सर्वनाम वापरतो, यावरून ते काम दोन वर्षांनी चालू असेल की बंद, हे बऱ्यापैकी कळतं. म्हणून नाव निवडायचं ते तक्रारीच्या वाक्यात घालून बघून. घोषणेच्या वाक्यात सगळीच नावं छान दिसतात.

तुमच्या बाबतीत काय लागू पडेल हे दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे देखभाल कोण करणार. पन्हळी साफ करणं, जाळी धुणं, शोषखड्ड्यातला वरचा वाळूचा थर काढून बदलणं ही कामं रहिवासी करणार असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ही कामं कंत्राटदाराची माणसं येऊन करणार असतील, तर लोकांना ‘हे तुमचंच आहे’ असं नावातून सांगू नका. ते खरं नसतं आणि लोकांना ते लगेच कळतं. अशा वेळी ‘छतपाणी विभाग’ असं साधं नाव आणि त्याखाली ठळक फोन नंबर हेच प्रामाणिक. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी डोळ्यांसमोर साठणार आहे की जमिनीत जाणार आहे. टाकी भरलेली दिसते, नळ उघडला की पाणी येतं, त्यामुळे टाकीबद्दल आपलेपणा लवकर येतो. शोषखड्ड्यात गेलेलं पाणी पुन्हा दिसत नाही. शिवाय ते वरच्या अंगाच्या वस्तीत मुरतं आणि पाणी वाढतं ते कदाचित खालच्या अंगाच्या बोअरला. तुमच्याकडे दोन्ही प्रकार आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे नाव दोन्हींना खरं ठरलं पाहिजे. इथेच बहुतेक नावं गळतात.

आता एका कामाची हकीकत सांगते, कारण माझ्या बहुतेक चुका आणि थोडंसं शहाणपण त्यातूनच आलं.

नऊ वस्त्यांचं शहर होतं. सहा वस्त्यांत शेजारच्या चार-सहा घरांची छपरं मिळून एक टाकी, तीन वस्त्यांत शोषखड्डे. पहिल्या वर्षीचं नाव कार्यकारी समितीने एका बैठकीत ठरवलं. ‘जल’ने सुरू होणारं, भारदस्त, पुढे ‘अभियान’ जोडलेलं. मीही त्या बैठकीत होते आणि मलाही ते आवडलं होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर मी वस्त्यांत फिरले तेव्हा ते नाव एकाही माणसाच्या तोंडून ऐकू आलं नाही. लोकांनी स्वतःची नावं ठेवली होती. एका वस्तीत टाकीला ‘समितीची टाकी’ म्हणत, दुसरीकडे ‘निळी टाकी’, आणि शोषखड्ड्याला सरळ ‘तो खड्डा’. ‘तो खड्डा’ म्हटल्या जाणाऱ्या जागी कचरा पडत होता. खड्ड्यात कचरा टाकतातच. तिथले लोक बेफिकीर नव्हते. आम्ही त्या वस्तूला दुसरं काही म्हणायची सोयच ठेवली नव्हती. ‘अभियान’ हा शब्द शोषखड्ड्याला लागत नाही, कुणी ‘अभियानात कचरा टाकू नकोस’ असं म्हणत नाही.

तिथे मला कळलं की आम्ही मोहिमेला नाव दिलं होतं आणि वस्तू बिननावाची सोडली होती. माणसं सांभाळतात ती वस्तू. मोहिमेचं नाव कागदावर लागतं, वस्तूचं नाव रोज लागतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलटीकडून सुरुवात केली. नाव सुचवा असं कुणाला सांगितलंच नाही, कारण तसं सांगितलं की लोक कागदी शब्द काढतात. त्याऐवजी प्रत्येक वस्तीत दोन संध्याकाळी बसून एवढंच विचारलं: पाऊस पडतो तेव्हा तुमच्या छपरावरून पाणी कुठून कुठे जातं ते सांगा. बोलणाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. पागोळी, वळचण, पन्हळ, ओघळ, धार, मोरी, हौद, झिरप, आड, ओल. एकतीस शब्द जमले. त्यातले निम्मे मी कित्येक वर्षांत लिहिले नव्हते, आणि ते बोलणाऱ्यांमध्ये म्हातारी माणसं होती तशी शाळेतली मुलंही होती.

त्या एकतीस शब्दांचं काय झालं हे जरा सविस्तर सांगते, कारण मराठीत या विषयाचे शब्द सापळ्यांनी भरलेले आहेत.

‘मुरवण’ हा शब्द शोषखड्ड्यासाठी अगदी नेमका. पण ‘इथे काहीतरी पाणी मुरतंय’ याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. वर्गणी गोळा होणाऱ्या, हिशेब ठेवल्या जाणाऱ्या कामाला हे नाव दिलं तर पहिल्याच वादात ते नाव कामावर उलटतं. ‘जिरवण’चंही तसंच. पाणी जिरवणं हा रुळलेला, चांगला शब्दप्रयोग आहे, पण ‘त्याची चांगली जिरवली’ हे त्याच्या शेजारीच बसलेलं आहे, आणि दोन वस्त्यांमध्ये आधीच चुरस असेल तर कुणीतरी ते म्हणणारच. ‘वळचण’ मला फार आवडला होता. छपराच्या कडेखालची ती जागा, जिथे पाणी टपकतं आणि पावसात माणूस उभा राहतो. पण एका वस्तीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘कुणाच्या वळचणीला जाणं म्हणजे आश्रिताचं राहणं. आम्ही या शहरात उशिरा आलेली माणसं, आम्हाला ते नाव नको.’ यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. शब्द तिथेच बाजूला ठेवला.

‘पागोळी’ सगळ्यांना आवडली. पण तो शब्द घेऊन पाण्याचं काम करणारी मंडळी आधीपासून आहेत, म्हणून ती आम्ही सोडली. नाव ठरवण्याआधी तेवढी चौकशी कराच, नाहीतर दुसऱ्याने कमावलेला शब्द नकळत वापरला जातो.

पवित्र शब्दांविषयी माझं मत जरा कडक आहे. अमृत, तीर्थ, गंगा हे शब्द टाळा. एक कारण उघड आहे, की सगळ्या वस्त्या ते एकाच भावनेने घेत नाहीत. दुसरं कारण आरोग्याचं आहे आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. छपरावरून आलेल्या पाण्यात पक्ष्यांची विष्ठा, धूळ, पालापाचोळा असतो. पहिला पाऊस बाहेर सोडला आणि गाळणी लावली तरी तपासणी आणि निर्जंतुकीकरण झाल्याशिवाय ते पिण्याचं पाणी नव्हे. नळावर ‘पिण्यासाठी नाही’ असं लिहायचं आणि टाकीवर ‘अमृत’ लिहायचं, तर मूल कोणता शब्द वाचेल? नावाने पाण्याच्या गुणाबद्दल खोटं बोलू नये.

आकडा असलेलं नाव घ्यावं का, असंही काही जण विचारतात. मेलबर्न शहरात २००८ साली मोठ्या दुष्काळात ‘टार्गेट १५५’ नावाची मोहीम निघाली होती. प्रत्येकाने दिवसाला १५५ लिटरच्या आत पाणी वापरावं, एवढा सगळा अर्थ त्या नावातच होता. पाणी कमी वापरण्यासाठी असं नाव कामाचं आहे, कारण प्रत्येक घर आपला आकडा त्याच्याशी ताडून बघू शकतं. पण ध्येय बदललं की नाव बदलावं लागतं. तिथे पुढे ‘टार्गेट १५०’ आलं. पावसाचं पाणी गोळा करण्याच्या कामात तर ही अडचण जास्तच, कारण किती पाणी मिळणार हे लोकांच्या हातात नसून पावसाच्या हातात असतं. कमी पावसाच्या वर्षी नावातला आकडा गाठता आला नाही म्हणजे लोक हरले, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो अन्याय आहे. आकडा हवा, पण नावात नको. तो फलकावर हवा. त्याबद्दल पुढे सांगते.

शेवटी ‘योजना’, ‘अभियान’, ‘उपक्रम’, ‘मिशन’ ही शेपटं. ‘योजना’ म्हटलं की देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. ‘अभियान’ म्हटलं की ते कधीतरी संपणार. टाकी आणि शोषखड्डा संपत नाहीत, त्यांना दरवर्षी पावसाआधी हात लावावा लागतो. सरकारी कागदावर शेपूट लावणं भागच असेल तर कागदावर लावा, भिंतीवर लावू नका.

हे सगळं वगळून आमच्याकडे सहा शब्द उरले आणि त्यांची वाक्यांत परीक्षा घेतली. प्रत्येक वस्तीत वेगवेगळ्या वयाच्या पाच-सहा जणांना पुढची वाक्यं तो शब्द घालून मोठ्याने म्हणायला सांगितली: ‘आपली ... तुंबली, कोण येतंय?’ ‘... ची चावी कुणाकडे आहे?’ ‘... ची या महिन्याची वर्गणी द्यायची राहिली.’ ‘... जवळ खेळू नका.’ आणि मग फोनवर, गोंगाटात, ज्याने हा शब्द कधी ऐकला नाही अशा माणसाला सांगायचं: ‘मी ... पाशी उभा आहे.’ पलीकडच्याने तो शब्द परत म्हणून दाखवायचा. माणूस अडखळला, हसला किंवा नकळत दुसराच शब्द वापरून मोकळा झाला, की तसं लिहून ठेवायचं. कोण काय म्हणतं यापेक्षा कोण कुठे अडखळतं हे जास्त सांगून जातं. ‘झिरप’ कागदावर सुंदर दिसत होता, पण ‘आपली झिरप तुंबली’ हे वाक्य कुणालाच म्हणता आलं नाही.

‘पन्हळ’ सगळ्या वाक्यांत सहज बसली. आता मागे वळून पाहिलं की त्याचं कारण दिसतं. पन्हळ म्हणजे छपराच्या कडेने पाणी गोळा करून नेणारी नाली. पाणी पुढे टाकीत जावो की जमिनीत, पन्हळ दोन्हीकडे लागते. ती डोळ्यांना दिसते. तुंबते ती तीच आणि साफ करावी लागते ती तीच, म्हणजे ज्या भागाला माणसाचा हात लागतो त्याचंच ते नाव. आणि शेजारच्या घरांची छपरं जोडते तीही पन्हळच. लोकांना जे काम करायचं आहे ते कामच त्या नावात होतं.

तरीही दोन वस्त्या अडल्या. त्यांची घरं स्लॅबची होती. ‘आमच्याकडे पन्हळच नाही, गच्चीच्या कोपऱ्यातून पाइप उतरतो,’ असं त्यांनी सांगितलं. अगदी खरी हरकत. वस्तीत जी वस्तूच नाही तिचं नाव त्या वस्तीवर लादलं तर पहिल्या वर्षीचीच चूक पुन्हा झाली असती. पण तिथल्या आराखड्यात प्रत्येक घराचे उतरते पाइप एका आडव्या पाइपाला जोडून शोषखड्ड्याकडे न्यायचे होते. तिथल्याच एका प्लंबरने सुचवलं की आडवा बंद पाइप टाकण्याऐवजी गल्लीच्या भिंतीलगत उघडी नाली करून वर उचलता येणारी जाळी टाकू, म्हणजे तुंबली की लगेच दिसेल. तांत्रिकदृष्ट्या ते चांगलंच होतं, कारण बंद पाइपात अडकलेला गाळ शोधायला खोदावं लागतं. उतार नीट ठेवला, म्हणजे पाणी साचून डास होणार नाहीत, आणि ती नाली त्या वस्तीची पन्हळ झाली. नावामुळे आराखडा सुधारल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं आहे, पण ती आठवण माझ्या फार जवळची आहे.

दोन वस्त्यांत घरात हिंदी बोलणारे बरेच होते. त्यांच्या तोंडी ‘ळ’ येत नाही, ते ‘पन्हल’ म्हणत. मी विचारलं तर एक आजोबा म्हणाले, ‘हमारे यहाँ परनाला कहते हैं, वही तो है।’ दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. म्हणून उच्चार सुधारायच्या फंदात पडायचं नाही असं आम्ही ठरवलं. शहरात वेगवेगळ्या भाषा बोलल्या जात असतील तर हे जरूर तपासा: शब्द दुसऱ्याच्या तोंडात थोडा बदलला तरी ओळखू येतो का, आणि त्याच्या भाषेत त्याचा काही भलता अर्थ तर होत नाही ना.

आता मतदानाचं. साधं मतदान घेऊ नका. आमच्या शहरात एका वस्तीत जवळजवळ एकतृतीयांश घरं होती. साधं मतदान घेतलं असतं तर त्या वस्तीला आवडलेला शब्द निवडून आला असता आणि उरलेल्या आठ वस्त्यांनी तो त्या वस्तीचा म्हणून ओळखला असता. जिंकलेलं नाव म्हणजे कुणीतरी हरलेलं नाव, आणि पाण्याच्या कामात हरलेल्या वस्तीच्या हातातही तोच खराटा द्यायचा असतो.

आम्ही ‘नको’ची फेरी घेतली. प्रत्येक वस्तीने, लहान असो की मोठी, उरलेल्या शब्दांपैकी कोणता शब्द तिला चालणारच नाही ते कारणासह सांगायचं. कारण सर्वांसमोर द्यायचं आणि त्यावर वाद घालायचा नाही. या फेरीत सहापैकी चार शब्द गेले. उरले दोन: ‘पन्हळ’ आणि ‘धार’. तिथेही हात वर करायला लावले नाहीत. तीन आठवडे कामाच्या चिठ्ठ्यांवर, निरोपांत, बैठकीत दोन्ही शब्द आलटून पालटून वापरले आणि लोक परत बोलताना कोणता वापरतात ते ऐकलं. तिसऱ्या आठवड्यात ‘धार’ आमच्याशिवाय कुणीच म्हणत नव्हतं. बैठकीत ते नुसतं सांगितलं, सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. ज्याला मतदानच हवं असेल त्याने निदान एवढं करावं, की माणसाने एकच शब्द न निवडता चालतील त्या सगळ्या शब्दांवर खूण करावी, मोजणी वस्तीवार करावी, आणि सगळ्यात जास्त वस्त्यांना चालणारा शब्द घ्यावा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, एक नाव की आठ. दोन्ही, पण दोन वेगळ्या जागी. शहरभराचं नाव एकच आणि एकाच शब्दाचं. त्याच्या आधी काय लावायचं ते प्रत्येक वस्तीने, खरं तर प्रत्येक टाकीभोवतीच्या चार-सहा घरांनी ठरवायचं. आमच्याकडे ‘शाळेमागची पन्हळ’, ‘चढावरची पन्हळ’, ‘जुन्या विहिरीची पन्हळ’ अशी नावं आली. समितीने त्यात लक्ष घातलं नाही. नियम तीनच ठेवले: जिवंत माणसाचं नाव नको, देणगीदाराचं नको, आणि नाव ऐकून नवख्या माणसाला ती जागा शोधता आली पाहिजे. तिसरा नियम सगळ्यात उपयोगी ठरला. बिघाडाचा निरोप देताना जागा सांगावी लागत नाही, नावातच ती असते.

जागेचं नाव घ्यायला मी इतका आग्रह का धरते, तर एक उदाहरण माझ्या मनात नेहमी असतं. टोकियोतल्या सुमिदा भागात अरुंद गल्ल्यांमध्ये शेजारच्या घरांच्या छपरांवरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवून वर हातपंप बसवलेले आहेत. रोजच्या दिवशी झाडांना पाणी घालायला, आणि आग लागली किंवा भूकंप झाला तर हाताशी पाणी असावं म्हणून. त्याला ते ‘रोजीसोन’ म्हणतात. ‘रोजी’ म्हणजे गल्ली आणि ‘सोन’ म्हणजे आदर. या नावात ना पाऊस आहे, ना पाणी, ना बचत. गल्ली आहे. ज्यांच्यावर ते सांभाळायची जबाबदारी आहे त्यांची ओळखच त्या वस्तूचं नाव झाली आहे. आपल्याकडचे शब्द वेगळे असतील, पण विचार तोच ठेवता येतो.

इथवरचं थोडक्यात: आधी बोलते शब्द गोळा करा, तक्रारीच्या वाक्यांत घालून तपासा, ‘नको’ची फेरी घ्या, मूळ शब्द शहराचा ठेवा आणि त्याआधीचं विशेषण चार-सहा घरांवर सोडा. आमच्याकडे या सगळ्याला सात आठवडे लागले.

आता फलक. नाव ठरलं की ते कुठे आणि कशासोबत लिहिलं जातं यावर ते रुजणार की नाही हे ठरतं. आमचा पहिल्या वर्षीचा फलक रस्त्याच्या तोंडाशी होता आणि त्यावर मान्यवरांची नावं होती. दुसऱ्या वर्षी फलक टाकीपाशी, व्हॉल्व्हच्या वर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. सगळ्यात वर नाव. खाली घरांची यादी, कारण त्यांचीच छपरं जोडलेली आहेत. त्याखाली हिशेब. उदाहरणार्थ, सहा घरांची मिळून ४८० चौरस मीटर छपरं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १० मिलिमीटर पाऊस झाला तर ४,८०० लिटर पडले, त्यातलं काही उडतं, काही शोषलं जातं, म्हणून ऐंशी टक्के धरले तर साधारण ३,८४० लिटर हाती येतात. पहिल्या पावसाचा पहिला एक मिलिमीटर, म्हणजे ४८० लिटर, मात्र छप्पर धुऊन निघतो म्हणून व्हॉल्व्हमधून बाहेर सोडायचा. फलकावर एवढी आकडेमोड लिहिली नव्हती, फक्त ‘१० मिमी पाऊस = सुमारे ३,८०० लिटर’ असं होतं. मुलं पाऊस किती झाला ते विचारून गुणाकार करायला लागली. आणि फलकाच्या तळाशी खडूने लिहायची एक रिकामी पट्टी: ‘शेवटची सफाई’, तारीख, आणि पुढची पाळी कुठल्या घराची.

ती पट्टी हीच माझी तपासणी. नाव रुजलंय की नाही हे मी लोकांना विचारत नाही, विचारलं की सगळे हो म्हणतात. मी फलकावरची तारीख बघते आणि दहा मिनिटं उभी राहून बोलणं ऐकते. तारीख ताजी असेल आणि लोक ‘आपली’ म्हणत असतील तर ठीक. तारीख ताजी आहे पण ‘समितीची’ म्हणतात, तर सहसा एकच उत्साही माणूस सगळं करत असतो आणि तो गाव सोडून गेला की काम थांबतं. ‘आपली’ म्हणतात पण तारीख चार महिन्यांपूर्वीची, तर नाव बसलंय, पाळीची व्यवस्था बसलेली नाही. मग नावाला हात न लावता पाळी दुरुस्त करायची.

नावाने काय सुटत नाही तेही सांगितलं पाहिजे. आमच्या नऊपैकी एका वस्तीत पन्हळ शेवटपर्यंत ‘त्यांची’च राहिली. तिथल्या शोषखड्ड्याचं जास्तीचं पाणी एका घराच्या पायाशी जात होतं. त्या घराने दोनदा तक्रार केली होती आणि आम्ही सांडवा हलवायला दीड पावसाळा लावला. ज्याच्या घरात ओल येते त्याला ती पन्हळ कधीही आपली वाटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. खड्डा पायापासून निदान काही मीटर लांब हवा आणि जास्तीचं पाणी रस्त्याकडच्या गटाराच्या दिशेने निघायला हवं, हे आम्ही आखतानाच बघायला हवं होतं. चूक आमची होती. अशी तक्रार पडून असेल तर नावाची बैठक बोलावण्याआधी ती मिटवा.

आता तुमच्याकडे पावसाळा तोंडावर आहे. सात आठवडे नसतील तर समितीच्या तीन नावांपैकी एक घाईने उचलू नका. काम बिननावाचं सुरू करा आणि प्रत्येक टाकीला, खड्ड्याला तूर्त फक्त जागेने हाक मारा: शाळेमागची, चढावरची. फलक लावा, पण नावाची जागा रिकामी ठेवा, आणि सफाईची पट्टी मात्र पहिल्या दिवसापासून भरायला घ्या. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर वस्त्यांत जाऊन बसा आणि लोक त्या वस्तूला काय म्हणायला लागलेत ते लिहून आणा. दोन-तीन वस्त्यांत एकच शब्द सापडला तर तिथून ‘नको’ची फेरी सुरू करता येईल. समितीला वाईट वाटू नये म्हणून त्यांची तीन नावंही त्याच फेरीत, इतर शब्दांच्या बरोबरीने ठेवा. त्यातलं एखादं टिकलं तर ते वस्त्यांनी ठेवलेलं नाव असेल.